नकलेचे दिवस वजा करायचे, पण कुठून कुठपर्यंत?

"ताई नमस्कार. आमच्या शेताच्या वहिवाटीच्या रस्त्याचा दावा तालुक्याच्या कोर्टात होता, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. ३ फेब्रुवारी २०२५ ला निकाल लागला, आम्ही हरलो. कोर्टाच्या आवारात एकाने सांगितलं की हुकूमनामा अजून बनलेला नाही, बनला की मग नकलेचा अर्ज द्या, म्हणून मी थांबलो आणि १७ फेब्रुवारीला निकाल आणि हुकूमनामा दोन्हीच्या नकलेचा अर्ज दिला. २० तारखेला फी किती ते सांगितलं, मी २४ ला भरली. नकलेवर ६ मार्चला तयार झाल्याचा शिक्का आहे, पण कांदा काढणी आणि धुळवड यात राहून गेलं आणि काल १७ मार्चला मी ती आणली. आता चुलतभाऊ म्हणतो ३० दिवस ५ मार्चलाच संपले, विषय संपला. दुसरे एक ओळखीचे म्हणतात नक्कल हातात पडल्यापासून ३० दिवस धरायचे, १६ एप्रिलपर्यंत टाइम आहे, पाडवा झाला की निवांत वकील गाठ. नक्की काय धरू?"

दादा, पत्र आजच वाचलं, आज मंगळवार १८ मार्च, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहितेय. दोघांचंही धरू नका. मुदत गेलेली नाही, पण पाडव्यापर्यंत ती राहणारही नाही. परवा गुरुवारी, २० मार्चला, अपील जिल्हा न्यायालयात दाखल झालेलं पाहिजे. २४ मार्चपर्यंत ओढता येईल असा युक्तिवाद आहे, तो खाली सांगते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आज संध्याकाळीच वकिलांना फोन करा आणि मग हे बाकीचं वाचा.

आता हिशोब. कनिष्ठ स्तर कोर्टाच्या हुकूमनाम्यावर, म्हणजे निकालपत्रावरून कोर्ट जो अंतिम आदेशाचा वेगळा कागद काढतं त्याच्यावर, पहिलं अपील जिल्हा न्यायालयात जातं आणि त्याला मुदत ३० दिवस. (हायकोर्टात जाणारं अपील असतं तर ९० दिवस असते, लोक हे दोन आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.) हे ३० दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि इथेच तुमच्यासारखे बरेच जण फसतात, कारण हुकूमनामा टाइप होऊन त्यावर सही कधीही होवो, त्याच्यावर तारीख पडते ती निकालाचीच. म्हणजे तो कागद महिन्याने तयार झाला तरी कायद्याच्या दृष्टीने तुमचा हुकूमनामा ३ फेब्रुवारीचाच. मोजणी त्याच तारखेवरून.

मुदतीच्या कायद्याचं, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टचं कलम १२ तीन गोष्टी वजा करायला देतं. निकालाचा दिवस सोडून द्यायचा. हुकूमनाम्याची नक्कल मिळवायला जो वेळ लागला तो सोडायचा. आणि अपील हुकूमनाम्यावर असेल तर निकालपत्राची नक्कल मिळवायला लागलेला वेळही सोडायचा. ही मेहेरबानी नाही, कोर्टाकडे हात जोडून मागायची गोष्ट नाही, हा तुमचा हक्क आहे, हिशोब बरोबर असला की झालं. तुमच्या चुलतभावाला हे कलमच माहीत नाही, म्हणून तो ५ मार्च म्हणतोय. ४ फेब्रुवारीला पहिला दिवस धरला तर तिसावा दिवस ५ मार्चलाच येतो, तेवढी त्याची मोजणी बरोबर आहे, फक्त वजाबाकी राहिली.

दुसऱ्या गृहस्थांची चूक जास्त धोक्याची, कारण ती ऐकायला छान वाटते. कायदा असं कुठेच म्हणत नाही की नक्कल मिळाल्यावर ३० दिवस नव्याने सुरू होतात. घड्याळ ४ फेब्रुवारीला चालू झालं, तुम्ही अर्ज दिला तेव्हा थांबलं, नक्कल तयार झाली की दुसऱ्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे चालू झालं. शून्यावर ते परत जात नाही.

आता तुमच्या तारखा यात बसवून बघू, कॅलेंडर समोर घेऊन बसा.

४ फेब्रुवारी ते १६ फेब्रुवारी हे १३ दिवस गेले. खर्च झाले. १७ फेब्रुवारीला अर्ज पडला, घड्याळ थांबलं. ६ मार्चला नक्कल तयार झाली. १७ ते २८ फेब्रुवारी म्हणजे १२ दिवस, १ ते ६ मार्च म्हणजे ६ दिवस, एकूण १८ दिवस वजा. अर्जाचा दिवस आणि तयार झाल्याचा दिवस, दोन्ही टोकं यात धरतात. मध्ये १९ ची शिवजयंती आली, २६ ची महाशिवरात्र आली, शनिवार रविवार आले, त्यांचा वेगळा विचार करायचा नाही, ते त्या १८ मध्येच आहेत, परत एकदा वजा करायला जाऊ नका, असं करणारे मी पाहिलेत. मग ७ मार्चला घड्याळ पुन्हा चालू. उरले होते १७ दिवस. ७ मार्चला चौदावा दिवस, आणि असं मोजत गेलं की तिसावा दिवस येतो २३ मार्चला. तो रविवार. शेवटचा दिवस कोर्ट बंद असेल तर कलम ४ सांगतं की कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करा, चालेल. म्हणजे सोमवार २४ मार्च.

मग मी २० का म्हणतेय? त्या फीमुळे.

कायद्यातला शब्द नुसता लागलेला वेळ असा नाहीये, नक्कल मिळवायला 'आवश्यक' असलेला वेळ असा आहे. हा शब्द फार जुन्या भांडणाचा विषय आहे. १९२८ साली रंगूनहून गेलेल्या एका प्रकरणात, सुरती विरुद्ध चेट्टियार असं ते ओळखलं जातं, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, दोन गोष्टी सांगितल्या आणि आपल्याकडे अजून त्याच धरून चालतात. एक, अपिलासोबत नक्कल जोडायची सक्ती नसली तरी नकलेचे दिवस वजा मिळतात. आणि दोन, तो शब्द जोरदार आहे, मुदतीपलीकडे गेलेल्या वेळातला कोणताही भाग आपल्या निष्काळजीपणामुळे गेला नाही हे दाखवायची जबाबदारी अपील करणाऱ्यावर. म्हणजे अर्ज ते नक्कल या पट्ट्यात जो वेळ कोर्टाच्या टेबलावर गेला तो सगळा तुमचा, आणि जो वेळ तुमच्या घरी गेला तो तुमच्या नावावर.

तुम्हाला फी २० फेब्रुवारीला कळली, भरली २४ ला. मधले २१, २२, २३ हे तीन दिवस कोणाच्या खात्यात? २२ चौथा शनिवार, २३ रविवार, कोर्ट बंदच, त्या दिवशी तुम्ही गेला असतात तरी भरता आली नसती. खरा प्रश्न एकट्या २१ तारखेचा, शुक्रवारचा. तो एक दिवस कापला तर शेवटचा दिवस २३ ऐवजी २२ मार्च येतो, आणि २२ मार्चसुद्धा चौथा शनिवारच, म्हणजे पुन्हा सोमवार २४. म्हणून म्हटलं की २४ चा युक्तिवाद आहे आणि तो वाईट नाही. पण समोरचा वकील म्हणणार की तीनही दिवस कापा, शुक्रवारी भरली असतीत तर शनिवार रविवारचा प्रश्नच आला नसता. आणि तीनही कापले तर शेवटचा दिवस २० मार्च, गुरुवार, कोर्ट चालू. आज १८ असताना, म्हणजे दोन दिवस हातात असताना, २४ चा वाद अंगावर घ्यायचंच कशाला? गुरुवारी दाखल करा, कोणीही कशीही वजाबाकी करो तुम्ही मुदतीत.

हा माझा नियमच आहे, आणि तो मी चुकीतून शिकलेय. वकिलीची पहिली काही वर्षं होती, एका म्हातारबाबांचं अपील होतं, मी नक्कल 'दिल्याची' तारीख धरून हिशोब केला, 'तयार झाल्याची' नाही. शिक्क्यावर दोन्ही तारखा एकाखाली एक असतात आणि माझी नजर खालच्या तारखेवर गेली. अपील चार दिवस उशिरा पडलं. विलंब माफीचा अर्ज करावा लागला, तो मंजूर झाला खर्च भरण्याच्या अटीवर, पण त्यात कित्येक तारखा गेल्या आणि त्या सगळ्या काळात म्हातारबाबांचं मूळ अपील कोणी ऐकलंही नाही. तेव्हापासून नक्कल हातात आली की आधी मागची बाजू, मग पुढची.

तुम्हीही आत्ता ती नक्कल उलटी करा. मागे किंवा शेवटच्या पानावर शिक्का असेल, त्यात हाताने भरलेल्या तारखा असतील: अर्ज कधी आला, फी कधी सांगितली, कधी भरली, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. शिक्क्याचा मसुदा कोर्टागणिक थोडा वेगळा असतो पण अर्ज, तयार आणि दिली या तीन तारखा बहुतेक सापडतातच. तुमच्या अपिलाचं आयुष्य त्या चौकोनात आहे. 'तयार' वर थांबायचं. तिथून पुढे १७ मार्चपर्यंत नक्कल कपाटात पडून होती ते ११ दिवस तुमचे, कांदा काढणी कितीही खरी असली तरी ते वजा होत नाहीत. ते वजा धरले तर ३ एप्रिल येतं, आणि ३ एप्रिल ही तारीख कायद्यात कुठेच बसत नाही. १६ एप्रिल तर दूरच.

एक अपवाद आहे, तो ज्यांना लागू पडेल त्यांच्यासाठी सांगते. नक्कल घ्यायला अमुक तारखेला या असं ऑफिसनेच लिहून दिलं असेल, किंवा नक्कल तयार झाल्याचं वेळेत कळवायची पद्धत असून कळवलंच नसेल, तर तो काळ अर्जदाराच्या निष्काळजीपणाचा म्हणता येत नाही. पण हे दाखवायला कागद लागतो, नुसतं 'मला सांगितलं नव्हतं' एवढ्यावर सहसा भागत नाही. अर्जाच्या पावतीवर पेनाने लिहिलेली तारीख असेल तर ती पावती जपून ठेवा.

आता त्या पहिल्या १३ दिवसांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त वाईट त्याचं वाटलं. 'हुकूमनामा झाला की मग अर्ज द्या' हा सल्ला कोर्टाच्या आवारात अगदी सहज दिला जातो, देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, त्याला वाटतं कागदच नाही तर नक्कल कशाची काढणार. पण कलम १२ च्या खाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे आणि ते नेमकं याच माणसाला पकडतं. त्यात म्हटलंय की नकलेचा अर्ज येण्याआधी कोर्टाने हुकूमनामा किंवा आदेश तयार करायला जो वेळ घेतला तो वजा करायचा नाही. अर्ज येण्याआधी, हे शब्द लक्षात ठेवा. अर्ज आल्यानंतर हुकूमनामा तयार व्हायला कितीही दिवस लागले तरी ते नक्कल मिळवण्यातलेच दिवस, ते वजा होतात. उशीर तोच, टेबल तेच, फक्त तुमचा अर्ज त्या उशिराच्या आधी पडला की नंतर यावर तो कोणाच्या खात्यात जातो हे ठरतं.

तुमच्याच तारखांवर बघा. समजा निकालाच्या दिवशीच, ३ फेब्रुवारीला, तुम्ही अर्ज टाकला असता, फीही सांगितली त्याच दिवशी भरली असती, आणि तरीही नक्कल ६ मार्चलाच तयार झाली असती. मग घड्याळ सुरू व्हायच्या आधीच थांबलेलं, ६ मार्चपर्यंत एकही दिवस खर्च नाही, आणि ७ मार्चपासून पूर्ण ३० दिवस म्हणजे ५ एप्रिलपर्यंत मुदत. ते १३ दिवस एका ऐकीव सल्ल्यात गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनामा निकालानंतर १५ दिवसांत काढावा असं आहे, आणि तो निघायच्या आधी अपील करायचं असेल तर निकालपत्राची नक्कल जोडून करता येतं असंही आहे. २००२ पासून तर अपिलासोबत निकालाचीच नक्कल मागतात. म्हणजे हुकूमनामा तयार नाही हे ना अर्ज थांबवायचं कारण आहे ना अपील थांबवायचं. तुमचा अर्ज निदान दोन्ही नकलांचा एकत्र होता आणि दोन्ही एकाच दिवशी तयार झाल्या, त्यामुळे तुमचा हिशोब सोपा. एखाद्याच्या दोन नकला वेगवेगळ्या दिवशी मागितलेल्या आणि वेगवेगळ्या दिवशी मिळालेल्या असतील तर दोन्हीचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून घ्यायचे, आणि जे दिवस दोन्हीकडे येतात ते एकदाच धरायचे.

अर्ज कधीपर्यंत केला तर फायदा मिळतो हेही खूप जण विचारतात. मुदत जिवंत असेपर्यंत. तुमच्या केसमध्ये ५ मार्चला, अगदी तिसाव्या दिवशी, अर्ज दिला असता तरी घड्याळ थांबलं असतं, फक्त नक्कल तयार झाल्यावर हातात एकच दिवस राहिला असता. ६ मार्चला दिला असता तर थांबवायला काही उरलंच नसतं, संपलेली मुदत नकलेच्या अर्जाने परत उभी राहत नाही. आणि अर्जच केला नाही तर वजाबाकी शून्य. हे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने नागराजन विरुद्ध एसकेएस इस्पात या कंपनी दिवाळखोरीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय, तिथे अपील करणारे फुकट मिळणाऱ्या प्रतीची वाट बघत बसले होते, सर्टिफाइड कॉपीसाठी अर्जच केला नव्हता, आणि त्यांना कलम १२ चा फायदा मिळाला नाही. आपल्याकडे आता निकाल ऑनलाइन दिसतो, लोक पीडीएफ डाउनलोड करतात आणि झालं काम म्हणतात. पीडीएफचा उपयोग आहे, तिच्यावरून वकिलाला अपिलाचे मुद्दे काढून मसुदा तयार ठेवता येतो, आणि नक्कल यायच्या दिवशी फक्त सही करायची बाकी राहते. पण पीडीएफ डाउनलोड केल्याने घड्याळ थांबत नाही. ते थांबतं फक्त नक्कल शाखेत पडलेल्या अर्जाने, तोही व्यवस्थित भरलेला. दावा नंबर चुकला, तिकीट कमी पडलं, सही राहिली म्हणून अर्ज परत आला आणि तुम्ही आठवड्याने दुरुस्त करून दिला, तर तो आठवडाही तुमच्या घरचाच धरला जाईल.

एकापेक्षा जास्त नकला काढल्या तर कोणती धरायची, हा प्रश्न तुमचा नाहीये पण भावाभावांच्या दाव्यात नेहमी येतो म्हणून सांगते. १९६८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध महाराज नारायण. सरकारने तीन नकला मागितल्या होत्या, त्या वेगवेगळ्या दिवशी मिळाल्या, आणि सगळ्यात लवकर मिळालेल्या नकलेवरून हिशोब केला तर अपील मुदतबाह्य होत होतं. कोर्ट म्हणालं की वजा करायचा वेळ म्हणजे नक्कल कमीत कमी जेवढ्या वेळात मिळू शकली असती तेवढा नाही, अपिलासोबत जी नक्कल जोडली तिला जो वेळ लागला तो धरायचा. मात्र याचा अर्थ मुदत वाढवण्यासाठी नकलेवर नक्कल मागत राहायचं असा घेऊ नका. ज्या नकलेवर हिशोब मांडलाय तीच नक्कल अपिलाला जोडा, एवढं त्यातून घ्या. हिशोब एका नकलेचा आणि जोडलेली नक्कल दुसरीच, असं झालं की फाइलिंगच्या टेबलावरच शेरा पडतो.

आता गुरुवारचं काम. अपिलाच्या मेमोमध्ये मुदतीचा एक परिच्छेद असतो, आणि बरेच जण तिथे 'अपील मुदतीत आहे' एवढं एकच वाक्य लिहून मोकळे होतात. तसं करू देऊ नका. तारखा लिहून द्यायला सांगा, साधारण अशा:

"निकाल व हुकूमनामा दि. ०३/०२/२०२५ रोजी झाला. अपीलकर्त्याने निकाल व हुकूमनामा यांच्या नकलेकामी दि. १७/०२/२०२५ रोजी अर्ज केला. नक्कल दि. ०६/०३/२०२५ रोजी तयार झाली. नक्कल फी दि. २०/०२/२०२५ रोजी कळवण्यात आली व दि. २४/०२/२०२५ रोजी भरण्यात आली. मधील तीन दिवस हिशोबात न धरता नकलेकामी गेलेले १५ दिवस वजा जाता प्रस्तुत अपील दि. २०/०३/२०२५ रोजी मुदतीत दाखल आहे."

हे असं लिहिलं की फाइलिंगचा कर्मचारी, समोरचा वकील आणि न्यायाधीश तिघांनाही कागदावर बोट ठेवून मोजता येतं. मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी कोर्टाला स्वतःहून बघावाच लागतो, कलम ३ तसंच आहे, त्यामुळे 'कोण मोजतंय' असं समजून चालत नाही. आणि तारीख धरतात ती अपील दाखल केल्याची. नंतर त्रुटी निघाल्या, नंबर पडायला पंधरा दिवस लागले, तरी हरकत नाही, गुरुवारच्या दाखल केल्याची पोच मात्र हातात घ्या.

गुरुवार काही कारणाने चुकलाच, वकील भेटले नाहीत, मेमो झाला नाही, तर शुक्रवारी २१ ला द्या, तेही नाही जमलं तर सोमवारी २४ ला द्या. पण मग सोबत कलम ५ चा विलंब माफीचा अर्ज जोडा, प्रतिज्ञापत्रासह, त्यात लिहा की आमच्या हिशोबाने अपील मुदतीतच आहे, पण फीचे दिवस न धरल्यास जो विलंब दिसेल तो माफ करावा. असा सावधगिरीचा अर्ज दिल्याने मुदतीत असल्याचा तुमचा दावा सोडला असं होत नाही. मुदत उलटल्यावरचं अपील अशा अर्जाशिवाय टाकलं तर पुढे फार त्रास होतो, दिवाणी संहितेच्या ऑर्डर ४१ मध्ये नियम ३अ त्यासाठीच आहे, उशिराच्या अपिलासोबतच तो अर्ज पाहिजे. त्या अर्जात कारणं खरी लिहा. कांदा काढणीचं लिहा, हुकूमनाम्याबद्दल चुकीचं सांगितलं गेलं तेही लिहा, पण आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडू नका, उलटतपासणीत ते उघडं पडलं की मूळ अपिलावरचाही विश्वास जातो. आणि हे नीट समजून घ्या की कलम १२ ची वजाबाकी हक्काची असते तर कलम ५ ची माफी कोर्टाच्या मर्जीवर असते. जो दिवस १२ मध्ये बसतो तो कधीही ५ मध्ये मागायला जाऊ नका. मी असे अर्ज वाचलेत ज्यात वकिलाने नकलेचे दिवससुद्धा विलंबात धरून 'एकूण १८ दिवसांचा विलंब' असं स्वतःच लिहून दिलंय, म्हणजे मुदतीतलं अपील स्वतःच्या हाताने उशिराचं करून टाकलं.

जाताना निकालाची मूळ सर्टिफाइड कॉपी घेऊन जा, झेरॉक्स नाही, आणि वकिलांना आधी व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर पुढच्या पानांसोबत मागच्या शिक्क्याचा फोटोही पाठवा, स्पष्ट दिसेल असा, उजेडात काढलेला. शिक्क्यातली एखादी तारीख पुसट असेल किंवा खाडाखोड असेल तर बुधवारी सकाळी नक्कल शाखेत जाऊन तिथल्या रजिस्टरवरून ती दुरुस्त करून सही घेऊन या, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी पोचल्यावर ६ मार्चचा ६ वाचता आला नाही तर गुरुवार तालुक्याला परत येण्यातच जाईल.